नेट गेलं, पण नेमकं कुठे?

जळगाव-धुळ्याकडच्या आपले सरकार सेवा केंद्रांत एक वाक्य वारंवार कानावर येतं: "सर्व्हर डाऊन आहे." सातबारा निघत नाही, पीक विम्याचा अर्ज पुढे सरकत नाही, अंगठा घेतला जात नाही, उत्तर तेच. या एका वाक्याखाली कितीतरी वेगवेगळे बिघाड झाकले जातात. कुठे खांबावरची फायबर तुटलेली असते, कुठे उंदराने केबल कुरतडलेली असते, कुठे प्लॅनची मुदत संपलेली असते, तर कुठे जुन्या कॉम्प्युटरची तारीख मागे गेलेली असते. यातल्या एकाचाही सर्व्हरशी संबंध नाही. तरी यावलच्या किंवा साक्रीच्या खेड्यातून बस पकडून आलेला शेतकरी त्या एका वाक्यावर परत जातो आणि उद्या पुन्हा भाडं खर्चून येतो.

बिघाड शोधायची सर्वत्र चालणारी पद्धतही ठरलेली आहे. आधी राउटर बंद-चालू करायचा. नाही जमलं तर टाचणी घालून मागचं रीसेटचं बटण दाबायचं. तरीही नाही जमलं तर केबलवाल्याला फोन. यातलं मधलं पाऊल सर्वांत नुकसानीचं. रीसेट केल्यावर राउटरमध्ये भरलेलं कनेक्शनचं युजरनेम, पासवर्ड आणि ऑपरेटरने घातलेल्या सेटिंग पुसल्या जातात. मूळ बिघाड रस्त्यावर असेल तर तो तिथेच राहतो आणि घरात दुसरा तयार होतो. नंतर लाइन दुरुस्त झाली तरी नेट येत नाही आणि पहिला दोष काय होता याचा पुरावाही उरत नाही.

याला पर्याय म्हणून जी पद्धत नेटवर्कची कामं करणारे जगभर वापरतात, ती साधी आहे. तारेपासून सुरुवात करायची आणि ठरलेल्या क्रमाने ब्राउझरपर्यंत यायचं. वीज आणि प्रकाश, मग तार किंवा वायफाय, मग कॉम्प्युटरला मिळालेला पत्ता, मग बाहेरच्या जगाशी नुसत्या आकड्यांनी संपर्क, मग नावाचं आकड्यात रूपांतर, आणि शेवटी वेबसाइट. या क्रमामागे १९८४ साली प्रसिद्ध झालेला आयएसओचा सात थरांचा ओएसआय नमुना आहे. त्यातले सातही थर पाठ असायची गरज नाही. एवढं कळलं तरी पुरतं, की वरचा प्रत्येक थर खालच्याच्या आधारावर उभा असतो. म्हणून वरची एखादी चाचणी पास झाली, की तिच्या खालचं सगळं एकाच वेळी निर्दोष ठरतं. आणि एक पायरी पास, पुढची नापास, अशी जागा सापडली की दोष त्या दोन पायऱ्यांच्या मधेच असतो.

केळीच्या पट्ट्यातल्या माणसाला हे निराळं शिकवावं लागत नाही. बागेच्या टोकाचे ड्रिपर कोरडे पडले तर तो एकेक ड्रिपर उपसत बसत नाही. मोटर चालू आहे का, फिल्टरच्या आधी आणि नंतर प्रेशर किती आहे, सबमेनचा व्हॉल्व्ह उघडा आहे का, असं बघत तो लॅटरलपर्यंत येतो. नेटच्या बाबतीत अडचण एवढीच, की प्रेशर गेज कुठे बसवलेत हे कोणी सांगितलेलं नसतं.

पहिलं गेज म्हणजे फायबरच्या डब्यावरचे दिवे. कंपनीने दिलेल्या या डब्याला तंत्रज्ञ ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. त्यावर वीज, PON, LOS आणि LAN असे दिवे असतात. PON स्थिर हिरवा असेल तर ऑपरेटरच्या यंत्राशी नोंदणी झालेली आहे. तो लुकलुकत असेल तर नोंदणीचा प्रयत्न चालू आहे. LOS लाल झाला तर फायबरमधून पुरेसा प्रकाशच येत नाही. लाल LOS दिसल्यावर कॉम्प्युटरला हात लावण्यात काही अर्थ नसतो. घरात बघण्यासारखी एकच गोष्ट उरते, भिंतीपासून डब्यापर्यंतची पिवळी किंवा पांढरी पॅचकॉर्ड. ती कपाटामागे चेपलेली आहे का, तिला तीव्र बाक आला आहे का, कनेक्टर अर्धवट बसला आहे का, एवढं पाहायचं. कनेक्टरच्या टोकात डोळा लावून मात्र कधी बघू नये. आतला प्रकाश १४९० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे न दिसणारा असतो, आणि तो दिसत नाही म्हणजे तिथे नाही असं नाही.

दिव्यांच्याही पुढे एक आकडा असतो आणि तो बहुतेक ग्राहकांना कधीच दाखवला जात नाही. डब्याच्या सेटिंगच्या पानावर Rx Power नावाची नोंद असते, डीबीएम या एककात. आकडा उणे असतो. नेहमी वापरल्या जाणाऱ्या जीपॉन जोडणीत डब्याला साधारण उणे २७ पर्यंतचा प्रकाश कळतो, त्याखाली गेला की संपर्क तुटू लागतो. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, हे ध्यानात ठेवलं की आकडा बोलू लागतो. महिन्यापूर्वी उणे १९ असलेली लाइन आज उणे २६ दाखवत असेल तर प्रकाश जवळजवळ पाचव्या हिश्शावर आलेला आहे. दिवा अजून हिरवा आहे, नेट मधेच येतं, मधेच जातं, आणि राउटर बदलूनही फरक पडत नाही. दोष बाहेरच्या जॉइंटमध्ये, पाणी शिरलेल्या पेटीत किंवा कुठल्यातरी खांबावर मुरगळलेल्या केबलमध्ये असतो.

खानदेशात या पहिल्या पायरीवर जास्त वेळ द्यावा, याला कारणं आहेत. सुरत-नागपूर महामार्ग जळगाव-धुळ्यातून जातो, तो धुळ्याला मुंबई-आग्रा महामार्गाला छेदतो, आणि चौपदरीकरण, गटारी, पाण्याच्या पाइपलाइनी यांसाठी रस्त्याकडेची खोदाई होत राहते. जमिनीखालची मुख्य केबल जेसीबीच्या दातात सापडली की एकदम अख्खा भाग बंद पडतो. गल्लीतली केबल मात्र खांबावरून खांबावर टांगलेली असते, आणि कापसाने किंवा कडब्याने उंच भरलेलं वाहन ती ओढून नेऊ शकतं. म्हणून LOS लाल दिसताच पहिला प्रश्न शेजाऱ्याला विचारायचा: तुमचं चालू आहे का? शेजारचंही बंद असेल तर दोष मुख्य केबलकडे, एकट्याचंच बंद असेल तर आपल्या दारापर्यंत येणाऱ्या तारेत. ऑपरेटरकडे ओटीडीआर नावाचं यंत्र असतं. ते फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका सोडून परत येणाऱ्या प्रकाशावरून तुटलेली जागा किती मीटरवर आहे ते सांगतं. त्यामुळे खोदून शोधत बसावं लागत नाही.

भारनियमनाचा प्रश्न इथेच उलगडतो. घरात इन्व्हर्टर आहे, डबा चालू आहे, तरी वीज गेली की नेट जातं, अशी तक्रार खेड्यांतून ऐकू येते. शेजारच्या घरी दुसऱ्या कंपनीचं नेट मात्र चालूच असतं. याचं कारण जोडणीच्या प्रकारात आहे. जीपॉनमध्ये खांबावरचा स्प्लिटर फक्त काच असतो, तो एका फायबरचा प्रकाश अनेकांत वाटतो आणि त्याला वीज लागत नाही. जुन्या पद्धतीच्या जोडणीत मात्र गल्लीच्या पेटीत एक स्विच बसवलेला असतो आणि तिथून घरोघरी तांब्याची केबल जाते. त्या पेटीला वीज नसली, तिची बॅटरी मेलेली असली, की तुमच्या घरचा इन्व्हर्टर कितीही मोठा असो, उपयोग नाही. घरात येणारी तार फायबर आहे की जाड इथरनेट केबल, एवढं पाहिलं की अशा तक्रारीचं उत्तर निम्मं मिळतं.

डब्यापासून कॉम्प्युटरपर्यंतची तांब्याची केबल ही पुढची पायरी, आणि ती लवकर उरकते. केबल काढून दुसरी, चालू आहे याची खात्री असलेली लावायची आणि पोर्टजवळचा दिवा लागतो का बघायचं. एक बारकावा मात्र सांगण्यासारखा आहे. या केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या चारच लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या. गिगाबिटला आठही लागतात. क्रिम्पिंग करताना चार किंवा पाच नंबरची तार नीट बसली नाही तर नेट चालतं, पण जोडणी १०० वर घसरते. ग्राहक २०० एमबीपीएसचे पैसे भरतो आणि त्याला ९५च्या आसपास वेग मिळतो, तेव्हा ऑपरेटरशी भांडण्याआधी पॉवरशेलमध्ये `Get-NetAdapter` लिहून LinkSpeed बघावा. तिथे 100 Mbps दिसलं तर चूक त्या प्लास्टिकच्या क्लिपमध्ये आहे.

वायफायबद्दल एकच गोष्ट मनात पक्की हवी. वायफायच्या चिन्हावरच्या भरलेल्या पट्ट्या राउटरपर्यंतची रेंज सांगतात. राउटरच्या पलीकडे नेट आहे की नाही, याबद्दल त्या काही सांगत नाहीत. म्हणून शंका असेल तेव्हा तपासणी केबल लावूनच करायची. केबलवर सगळं चालत असेल तर उरलेला दोष हवेतला. बाजारपेठेतल्या दाट दुकानांत २.४ गिगाहर्ट्झवर सगळ्यांचे राउटर एकमेकांवर आदळतात. तिथे एकमेकांना न छेदणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११.

आता पत्त्याची पायरी. इथे सर्वांत फसवे बिघाड लपतात, म्हणून एक प्रसंग शेवटपर्यंत सोडवून पाहू. समजा, अमळनेरमधलं एक सेवा केंद्र आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, कोपऱ्यात कंपनीचा फायबरचा डबा. मागच्या खोलीत रेंज मिळत नाही म्हणून चालकाने बाजारातून दुसरा वायफाय राउटर आणला आणि डब्यापासूनची केबल त्याला लावली. दोन दिवस सगळं ठीक चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी पहिला कॉम्प्युटर चालू, दुसऱ्यावर नेट नाही. दुसरा रीस्टार्ट केला, तो चालू झाला. दुपारी वीज गेली-आली आणि आता पहिला बंद. तंत्रज्ञ आला, त्याने दिवे पाहिले, प्रकाश मोजला, उणे १९. त्याचा लॅपटॉप डब्याला थेट लावल्यावर नेट चाललं. "आमच्याकडून ओके आहे," म्हणून तो गेला. त्याचं म्हणणं खरंच होतं.

अशा वेळी क्रम सोडला की माणूस भरकटतो. कोणी अँटिव्हायरस काढतं, कोणी विंडोज नव्याने टाकतं. क्रम धरला तर दिवे पास, केबल पास, पुढची पायरी कमांड प्रॉम्प्टवर `ipconfig`. चालू असलेल्या कॉम्प्युटरवर पत्ता `192.168.1.5` आणि गेटवे `192.168.1.1`. बंद असलेल्यावर असं दिसतं:

```
IPv4 Address. . . . . : 192.168.0.101
Subnet Mask . . . . . : 255.255.255.0
Default Gateway . . . : 192.168.0.1
```

एकाच दुकानात, एकाच केबलवर दोन वेगवेगळी गावं वसलेली आहेत. कॉम्प्युटर चालू होताना तो नेटवर्कवर सगळ्यांना हाक घालतो, मला पत्ता द्या. उत्तर देण्याचं काम डीएचसीपी नावाची सेवा करते आणि ती एका नेटवर्कमध्ये एकाच यंत्राने करायची असते. इथे ती दोन यंत्रं करत आहेत, कंपनीचा डबा आणि नवा राउटर. जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता कॉम्प्युटर घेतो. डब्याने दिला तर नेट चालतं. नव्या राउटरने दिला तर कॉम्प्युटर बाहेरची प्रत्येक गोष्ट त्या राउटरकडे पाठवतो आणि त्याला स्वतःला बाहेरचा रस्ताच माहीत नसतो. म्हणून `ping 192.168.0.1` पास होतं, `ping 8.8.8.8` होत नाही, आणि प्रत्येक रीस्टार्टला चिठ्ठी नव्याने निघते.

कारण बघायला राउटर उलटा केला की पुरतं. डब्याकडून आलेली केबल वेगळ्या रंगाच्या WAN पोर्टऐवजी चारपैकी एका LAN पोर्टमध्ये घुसवलेली आहे. उपाय दोन आहेत. केबल WAN पोर्टमध्ये लावली तर नवा राउटर स्वतःचं स्वतंत्र नेटवर्क चालवेल आणि नेट मिळेल, पण त्याच्यावरच्या कॉम्प्युटरला डब्याकडचा प्रिंटर आपोआप सापडणार नाही, आणि डब्याकडच्या कॉम्प्युटरला राउटरकडचा. दुसरा उपाय दुकानासाठी जास्त चांगला. केबल LAN मध्येच ठेवायची, नव्या राउटरचा पत्ता `192.168.1.2` करायचा आणि त्याची डीएचसीपी सेवा बंद करायची. मग पत्ते देणारा एकच उरतो, सगळे एका नेटवर्कवर येतात आणि प्रिंटर दोन्हीकडून चालतो. त्याआधी डब्याच्या वाटपात `192.168.1.2` हा पत्ता दुसऱ्या कोणाला जाणार नाही, एवढं बघून घ्यायचं.

`ipconfig` आणखी एक खूण दाखवतं. पत्ता `169.254` ने सुरू होत असेल तर हाकेला कोणीच उत्तर दिलेलं नाही आणि कॉम्प्युटरने स्वतःच एक पत्ता ठरवून घेतला आहे. तसं असेल तर पुढे न जाता एक पायरी मागे यायचं, केबलकडे किंवा राउटरकडे.

पत्ता बरोबर, गेटवे उत्तर देतो, मग बाहेर जायचं. `ping 8.8.8.8` मध्ये नाव नाही, ब्राउझर नाही, फक्त आकडा आहे. हेच या चाचणीचं बळ. पिंग हा प्रोग्राम माइक म्यूस या अमेरिकी प्रोग्रामरने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला आणि तो अजून तसाच कामाला येतो. इथे नापास झालं तर घर निर्दोष, दोष राउटर आणि ऑपरेटर यांच्यामधल्या करारात. राउटरच्या स्टेटसच्या पानावर WAN चा पत्ता आहे का बघायचं. पीपीपीओई जोडणीत पत्ता नसेल तर युजरनेम-पासवर्ड नाकारला गेला असेल, नाहीतर प्लॅनची मुदत संपली असेल. कॉम्प्युटरवरूनच थेट डायल करणाऱ्या जुन्या जोडण्यांत विंडोज ६९१ हा एरर दाखवतं, तो याच नकाराचा. मुदत संपलेली असताना दिवे सगळे हिरवे असतात, म्हणून तंत्रज्ञाला बोलावण्याआधी रिचार्जची तारीख बघावी.

उत्तर किती वेळात आलं हेही वाचावं. जळगाव ते मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जायला-यायला मिळून चारेक मिलिसेकंद पुरतात. मधली यंत्रं आणि वळसे धरून दहा-वीस मिलिसेकंद आले तर लाइन निरोगी. एकट्या कॉम्प्युटरवर दोनशे-तीनशे येत असतील तर बहुधा घरातच कोणीतरी मोठा व्हिडिओ चढवत आहे आणि रांग लागली आहे.

यानंतरची पायरी नावाची. माणसाला `bhulekh.mahabhumi.gov.in` लक्षात राहतं, कॉम्प्युटरला आकडा लागतो, आणि नावावरून आकडा शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. आकड्याने बाहेर जाता येतं पण कुठलंच संकेतस्थळ उघडत नाही, असं झालं की इथे थांबायचं आणि हे दोन प्रश्न विचारायचे:

```
nslookup bhulekh.mahabhumi.gov.in
nslookup bhulekh.mahabhumi.gov.in 8.8.8.8
```

पहिला प्रश्न आपल्या नेहमीच्या डीएनएसला, दुसरा गूगलच्या सार्वजनिक डीएनएसला. पहिला नापास, दुसरा पास, तर ऑपरेटरची किंवा राउटरची नावं शोधणारी सेवा आजारी आहे. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये दुसरा डीएनएस घातला की काम चालू. दोन्हीकडे एकाच नावाला उत्तर नाही, पण बाकीच्या नावांना आहे, तर दोष त्या संकेतस्थळाकडे.

याचं जगाने एकत्र पाहिलेलं उदाहरण ४ ऑक्टोबर २०२१चं. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते, आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप एकदम बंद पडले. जवळपास सहा तास. अशा रात्री हात आधी राउटरकडेच जातो. त्या रात्री कोणी क्रमाने गेलं असतं तर दिवे हिरवे, पत्ता बरोबर, `ping 8.8.8.8` पास, `nslookup` ला इतर नावं सापडतात आणि फक्त facebook.com सापडत नाही, एवढं पाच मिनिटांत दिसलं असतं. घडलं होतं ते असं. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या कमांडने फेसबुकच्या डेटा सेंटरांना जोडणारं अंतर्गत जाळं तुटलं. डेटा सेंटरशी संपर्क नाही हे पाहून त्यांच्या डीएनएस यंत्रांनी आपल्याकडे येणारे रस्ते इंटरनेटवर जाहीर करणं थांबवलं. मग जगात कोणालाच ते नाव आकड्यात बदलून मिळेना. दूरून दुरुस्ती करायला तेच जाळं लागत होतं, म्हणून माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं.

नाव सापडलं तरी दार उघडेलच असं नाही. कोणी चौकस माणूस इथे सरकारी संकेतस्थळाला पिंग करतो, उत्तर येत नाही, आणि "सर्व्हर डाऊन" हा निकाल पुन्हा जाहीर होतो. पण सुरक्षेसाठी पिंगला उत्तर न देणारे सर्व्हर भरपूर असतात. ब्राउझर ज्या दाराने जातो ते दार ठोठवायला हवं:

```
Test-NetConnection bhulekh.mahabhumi.gov.in -Port 443
```

पॉवरशेलमध्ये शेवटी `TcpTestSucceeded : True` आलं तर तारेपासून सर्व्हरच्या दारापर्यंत सगळं धड आहे. यापुढे दोष एकतर आपल्या ब्राउझरचा, नाहीतर आतल्या सॉफ्टवेअरचा. ब्राउझरवर 502 किंवा 503 असा आकडा दिसला तर समोरून कोणीतरी उत्तर देतंय, आपली लाइन शाबूत आहे. त्याच वेळी "सर्व्हर डाऊन आहे" हे वाक्य खरं असतं आणि थांबण्याशिवाय उपाय नसतो.

ब्राउझरच्या पायरीवर केंद्रांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा भेटतात. पहिली जुन्या कॉम्प्युटरची तारीख. मदरबोर्डवरचा CR2032 सेल संपला की वीज जाताच घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, आणि मागे गेलेल्या घड्याळाला ते प्रमाणपत्र अजून सुरूच न झालेलं वाटतं. Chrome `NET::ERR_CERT_DATE_INVALID` दाखवतं, नाहीतर घड्याळ चुकल्याचं सरळ सांगतं. एक स्वस्त सेल बदलला की "इंटरनेट" दुरुस्त होतं.

दुसरी गोष्ट अंगठ्याची. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. १९९८ पर्यंत हा भाग धुळे जिल्ह्यातच होता. आज त्या अंगठ्यावर कितीतरी कामं अवलंबून आहेत. अंगठ्याचं यंत्र ब्राउझरशी बोलतं ते आरडी सर्व्हिस नावाच्या प्रोग्राममार्फत, जो त्याच कॉम्प्युटरवर `127.0.0.1` या पत्त्यावर 11100 ते 11120 यांतल्या एका पोर्टवर बसलेला असतो. हा पत्ता म्हणजे कॉम्प्युटर स्वतः. ती सेवा बंद पडली की पानावर यंत्र सापडत नसल्याची सूचना येते आणि चालक नेटवाल्याला फोन लावतो. हा सगळा संवाद तर त्या टेबलाच्या बाहेरही गेलेला नसतो. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन ती पुन्हा चालू करायची, यंत्राची यूएसबी काढून लावायची, आणि मगच बाहेर बघायचं.

या पद्धतीला मर्यादा आहेत. अनुभवी तंत्रज्ञ दर वेळी तारेपासून सुरू करत नाहीत. ते आधी `ping 8.8.8.8` करून मधोमध छेद देतात, किंवा कॉम्प्युटर मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडून बघतात. हॉटस्पॉटवर तेच पान उघडलं तर दोष लाइनीकडे, तिथेही अडलं तर कॉम्प्युटरकडे किंवा संकेतस्थळाकडे. ही पद्धत वेगवान आहे, पण निकाल वाचायला सवय लागते. नवख्याने क्रमानेच जावं असं या लेखाचं मत आहे, कारण तारेची पायरी तपासायला डोळे पुरतात आणि आपल्याकडे तार फार वेळा तुटते.

खरी अडचण अर्धवट बिघाडांची. गूगल उघडतं, काही संकेतस्थळं उघडतात, काही मात्र फिरत राहतात, एररही येत नाही. क्रमातली प्रत्येक चाचणी पास होते. त्याचं एक कारण पाकिटाच्या मापात असू शकतं. इथरनेटवर एका पाकिटात १५०० बाइट मावतात. पीपीपीओई त्यातले आठ स्वतःसाठी घेते, उरतात १४९२. राउटरमध्ये हे माप चुकलं, आणि "पाकीट मोठं आहे" हा निरोप मधल्या एखाद्या फायरवॉलने अडवला, तर लहान पाकिटं जातात आणि मोठी गपचूप हरवतात. नेहमीचा पिंग लहान असतो, म्हणून तो फसवतो. माप देऊन पिंग करायचा:

```
ping -f -l 1464 8.8.8.8
ping -f -l 1472 8.8.8.8
```

पाकिटावरच्या नोंदींचे २८ बाइट धरून पहिलं १४९२चं होतं, दुसरं १५००चं. पीपीपीओईच्या लाइनवर पहिलं जावं आणि दुसऱ्याला पाकीट फोडावं लागेल अशी सूचना यावी. पहिलंही जात नसेल तर आकडा कमी करत जे जातं ते शोधायचं, त्यात २८ मिळवायचे आणि ते माप राउटरच्या MTU च्या रकान्यात घालायचं.

मधूनच जाणाऱ्या नेटला मात्र कुठलीच एकवेळची चाचणी पुरत नाही, कारण तपासायला बसलं की ते चालू असतं. तिथे उपाय नोंदींचा. दोन खिडक्या उघडून एकीत `ping -t 192.168.1.1` आणि दुसरीत `ping -t 8.8.8.8` दिवसभर चालू ठेवायचं. नेट जाईल तेव्हा दोन्ही थांबले तर दोष घरातला, फक्त दुसरा थांबला तर बाहेरचा. आणि चांगल्या दिवसाचे आकडे आधी लिहिलेले असले पाहिजेत, नाहीतर वाईट दिवशी तुलना कशाशी करणार? डब्यावर एक कागद चिकटवावा. त्यावर तारीख, कोणते दिवे लागलेले असतात, Rx Power, गेटवेचा पत्ता, `8.8.8.8` ला लागणारा वेळ आणि प्लॅन संपण्याची तारीख लिहावी. मग ऑपरेटरला फोन करताना "नेट चालत नाही" असं म्हणावं लागत नाही. "PON हिरवा आहे, पण पॉवर उणे १९ वरून उणे २६ वर आली आहे, सकाळी दहापासून, आणि शेजाऱ्याचं ठीक आहे" असं सांगता येतं. असा फोन गेला तर ऑपरेटरला राउटर घेऊन माणूस पाठवावा लागत नाही, स्प्लायसिंगचं यंत्र घेऊन खांबाकडे पाठवता येतो.